भाग्यांक ११ की २? मास्टर नंबर धरायचा तरी कुठे थांबून?

वैशाली_सांगली
नमस्कार मंडळी. गेले पंधरा दिवस एका आकड्यानं माझं डोकं खाल्लंय, म्हणून धागा काढतेय.

मुलाची जन्मतारीख ९ डिसेंबर १९८८. त्याच्या लग्नाचं बघतोय. एक स्थळ चांगलं वाटलं, पण त्यांच्याकडे पत्रिकेआधी भाग्यांक बघतात. मी मोबाईलवर तारीख घातली. तिथे असं आलं: ९+१+२+१+९+८+८ = ३८, मग ३+८ = ११. आणि खाली लिहिलेलं, 'इथेच थांबा, हा मास्टर नंबर आहे.'

जावेच्या ओळखीतले एक अंकशास्त्री आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने तीनच आकडे मांडले. ९, ३, ८. बेरीज २०, म्हणजे २. मी म्हटलं, अहो पण मोबाईलवर ११ येतंय. तर म्हणाले, 'तो ११ झोपलेला आहे, जागा करावा लागेल,' आणि त्या विधीचे ५,१०० रुपये सांगितले. मी चहा तसाच ठेवून उठले.

विश्वास ठेवायचा की नाही हा वेगळा विषय, त्यावर भांडू नका. माझा प्रश्न एवढाच: तारीख एक, माणूस एक, मग उत्तरं दोन कशी? आणि बरोबर कोणतं?

रानमोगरा
ताई, ११ वाल्यांना सगळं आधी कळतं. माझा जन्म २९ तारखेचा, २+९ = ११. मला स्वप्नात पाहुणे दिसतात आणि दुसऱ्या दिवशी खरंच येतात. मुलगा मनानं हळवा असेल बघा तुमचा.

ठाणेकर_अमित
@रानमोगरा, तो तुमचा मूलांक झाला. नुसत्या दिवसाचा. वैशालीताई भाग्यांकाबद्दल विचारताहेत, म्हणजे दिवस, महिना, वर्ष मिळून.

ताई, तुमचा मोबाईल बरोबर आहे. सगळे अंक एका ओळीत मांडून बेरीज करायची, हीच मूळ पद्धत. माझ्या आजोबांच्या वहीत अशीच आहे. बाकी सगळं नेटवर आलेलं. फक्त साईट परदेशी असेल तर जपा, तिकडे महिना आधी लिहितात. ९/१२ चं १२/९ झालं की भाग्यांक चुकतो.

एडिसनची_मावशी
अमित, मी न्यू जर्सीत राहते, रोज तारखा उलट्या लिहिते. त्याने भाग्यांक चुकत नाही हो. ९+१+२ काय आणि १+२+९ काय, बेरीज तीच. मूलांक मात्र चुकतो, कारण साईट १२ ला दिवस समजते आणि ९ च्या जागी ३ सांगते.

ठाणेकर_अमित
हो, बरोबर. बेरजेत क्रम लागत नाही. घाईत लिहिलं. पण ओळीच्या पद्धतीबद्दल मी ठाम आहे.

गणूमास्तर
निवृत्त गणित शिक्षक आहे, अंकशास्त्राचा अभ्यास नाही. पण यातला हिशोबाचा भाग सांगू शकतो.

शाळेत आपण ९ ची कसोटी शिकलो. संख्येतल्या अंकांची बेरीज ९ ने भागून जी बाकी उरते, तीच त्या संख्येचीही उरते. म्हणून तारखेचे अंक एका ओळीत मिळवा, दिवस-महिना-वर्ष वेगवेगळे उतरवून मिळवा, नाहीतर सरळ ९+१२+१९८८ अशी मोठी बेरीज घालून तिचे अंक मिळवा, शेवटचा एक अंकी आकडा तोच येणार. तुमच्या मुलाचं बघा. ओळीनं ३८, मग ११, मग २. तुकड्यांनी २०, मग २. मोठ्या बेरजेनं २००९, मग ११, मग २. तिन्ही वाटा २ वरच उतरतात.

फरक कुठे पडतो? वाटेतल्या थांब्यात. एक गाडी ३८ आणि ११ वरून जाते, दुसरी २० वरून. ११ हे स्टेशन दुसरीच्या मार्गावर लागतच नाही. मास्टर नंबर म्हणजे 'हे स्टेशन लागलं तर इथेच उतरा' असा नियम. शेवटच्या अंकावर वाटेचा परिणाम होत नाही, मास्टरवर होतो.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. कोणी ११ म्हणालं आणि कोणी २, तर दोघांचाही हिशोब बरोबर असू शकतो. २२ आणि ४ चं तसंच, ३३ आणि ६ चं तसंच. पण एकाने २ सांगितले आणि दुसऱ्याने ७, तर कोणाची तरी बेरीज चुकली आहे. तिथे पद्धतीचं कारण चालणार नाही.

वैशाली_सांगली
मास्तर, पंधरा दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी नीट समजावलं. म्हणजे ते गृहस्थ खोटं बोलत नव्हते, त्यांची वाट वेगळी होती. मग जागं करण्याचे पैसे कशाचे?

गणूमास्तर
ते मलाही कळलेलं नाही. त्यांच्या वाटेवर ११ नाहीच, तर तो झोपला कुठे?

अंकवेल्हाळ
वीस वर्षं हा विषय वाचतोय, लोकांना मोफत सांगतो. थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे दोन वेगळ्या परंपरा एकमेकींत मिसळल्या आहेत आणि गोंधळ त्याचाच आहे.

आपल्याकडे मूलांक-भाग्यांक ज्या रूपात चालतात, त्यावर किरोचा मोठा ठसा आहे. हा आयरिश माणूस, १८६६ ते १९३६. आपल्या लोकांनी त्याचे आकडे नवग्रहांना जोडून पक्के केले: १ सूर्य, २ चंद्र, ३ गुरू, ४ राहू, ५ बुध, ६ शुक्र, ७ केतू, ८ शनी, ९ मंगळ. ग्रह नऊ, म्हणून आकडेही नऊ. या मांडणीत ११ ला स्वतःचा ग्रह नाही. तो चंद्राच्याच घरात जातो, फार तर 'दोन सूर्यांतून आलेला चंद्र' असं म्हणतात. किरो दोन अंकी आकड्यांचे अर्थ देतो, पण त्याच्याकडे ११ म्हणजे मुसकी बांधलेला सिंह आणि आवळलेली मूठ, म्हणजे छुप्या धोक्याची सूचना. २२ म्हणजे भ्रमात वावरणारा भला माणूस. दोन्ही इशारे आहेत, मानाचे आकडे नव्हेत.

मास्टर नंबर आले अमेरिकेतून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अटलांटिक सिटीच्या एल. डाव बॅलिएट या बाईंनी जी पद्धत रुजवली, तिच्या परंपरेत ११ आणि २२ न उतरवता ठेवतात. लाईफ पाथ हा शब्दही तिकडचाच. ३३ बद्दल त्यांच्यातही एकमत नाही, काही जण धरतात, काही नाही.

आता मोबाईलवर काय होतं, तर लाईफ पाथ अमेरिकी पद्धतीनं काढतात, वर 'भाग्यांक' असं मराठी नाव देतात, आणि फळ सांगताना चंद्र आणतात. वैशालीताई, तुमच्या अंकशास्त्र्यांनी आकडा नवग्रहांच्या पद्धतीनं काढला आणि पैसे अमेरिकी मास्टरच्या नावावर मागितले. दोन्हींतली एकच धरायला हवी होती.

ठाणेकर_अमित
अंकवेल्हाळ, मग अमेरिकेतले लोक तरी ओळीनं का करत नाहीत? माझं म्हणणं तेच आहे.

अंकवेल्हाळ
बरेच करतात. पण तुकड्यांवाल्यांचं म्हणणं असं की दिवस, महिना आणि वर्ष ही तीन वेगळी चक्रं आहेत. प्रत्येकाचा आपापला आकडा आधी काढायचा, मग तिघांची भेट घालायची. १२ वा महिना त्यांच्या दृष्टीनं ३ चा महिना. ओळीत मांडलं की १ आणि २ सुटे होऊन वर्षाच्या अंकांत मिसळतात आणि महिना उरतच नाही. तुकड्यांतही ते दिवस ११, २२ किंवा २९ असेल तर तो ११, २२, ११ असाच ठेवतात. नोव्हेंबर ११ ठेवतात. १९९३ चे १+९+९+३ = २२ होतात, तेही तसेच.

मला स्वतःला तुकड्यांची रीत जास्त पटते. का पटते हे सांगता येतं, सिद्ध करता येत नाही.

एडिसनची_मावशी
ओबामांवरून इकडे हाच वाद ऐकला आहे. ४ ऑगस्ट १९६१. ओळीनं ४+८+१+९+६+१ = २९, म्हणजे ११. तुकड्यांनी ४, ८ आणि १७ चे ८, म्हणजे २०, म्हणजे २. एक गट म्हणतो मास्टर होता म्हणून भाषणं तशी, दुसरा म्हणतो २ होता म्हणून जुळवून घ्यायचा.

सह्याद्रीचा_वारा
वैशालीताईंनी भांडू नका म्हटलंय, म्हणून भांडत नाही, एक शंका मांडतो. इंग्रजी तारीखच का? आपलं राष्ट्रीय पंचांग शके घेतं. ९ डिसेंबर १९८८ म्हणजे १८ मार्गशीर्ष, शके १९१०. याचा भाग्यांक वेगळा आला तर माणूस बदलला का? वेगळाच येणार, ही माझी खात्री.

गणूमास्तर
वारे, तुम्ही गणित केलंत का? मी केलं. १+८+९+१+९+१+० = २९, २+९ = ११, पुढे २. तेच आलं.

सह्याद्रीचा_वारा
आता करून पाहिलं. खरंच ११. मी न करताच लिहिलं, माझं चुकलं. पण हा योगायोग आहे ना?

गणूमास्तर
योगायोगच. त्या महिन्यात दोन्ही तारखा रोज एकेकाने पुढे सरकतात, म्हणून २१ डिसेंबरपर्यंत जुळत राहतात. २२ डिसेंबरला पौष सुरू होतो. इंग्रजीनं २+२+१+२+१+९+८+८ = ३३, म्हणजे ६. शकेनं १ पौष १९१०, १+१+०+१+९+१+० = १३, म्हणजे ४. तिथे फाटलं. तुमची शंका रास्त होती, फक्त उदाहरण चुकीच्या दिवशी सापडलं.

कोकणी_माणूस
आमच्या वडिलांची जन्मतारीख १ जून. काकांची १ जून. शेजारच्या अण्णांचीही १ जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सगळ्यांना एकच वाढदिवस दिला. त्यांचा भाग्यांक गुरुजींचा धरायचा का? 🙂

अंकवेल्हाळ
कोकणी, हसण्यावारी नेऊ नका, मला दर महिन्याला अशी एक तरी तारीख येते. मी अशा वेळी भाग्यांक सांगत नाही. घरात 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला', 'त्या वर्षी मोठा पूर आला' असं काही आठवत असेल तर जुन्या पंचांगावरून तारीख शोधता येते. नाहीतर सोडून द्यायचं.

रानमोगरा
माझा जन्म पहाटे अडीचचा. आई म्हणते सूर्योदयाआधी म्हणजे आदला दिवस. मग मी २८ ची की २९ ची?

अंकवेल्हाळ
पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, अंकशास्त्रात रात्री बारालाच. दाखल्यावर २९ असेल तर २९. पण हेही खरं की आपल्याकडचे काही जण सूर्योदय धरतात, आणि तसं केलं तर तुमचा ११ जाऊन १० येतो, म्हणजे १. यावर मी कोणाचंच मन वळवू शकलेलो नाही.

रानमोगरा
मी २९ च ठेवते.

गणूमास्तर
काल रात्री झोप येईना, म्हणून वैशालीताईंच्या मुलाचा अख्खा महिना, डिसेंबर १९८८, वहीवर मांडला. ३१ दिवस, तिन्ही रीती.

ओळीनं महिना आणि वर्ष मिळून २९ होतात, त्यात दिवसाचे अंक मिळवायचे. ४, १३, २२ आणि ३१ तारखेला बेरीज ३३ येते. ९, १८ आणि २७ ला ३८, म्हणजे ११. एकूण सात दिवस मास्टरचे.

तुकड्यांनी, ११ आणि २२ तसेच ठेवून: महिना ३, वर्ष ८, मिळून ११. ११ आणि २९ तारखेला दिवस ११, म्हणून २२ होतात. २२ तारखेला ३३. एकूण तीन दिवस.

मोठ्या बेरजेनं: महिना आणि वर्ष मिळून २०००. फक्त ९, १८, २७ ला ११ येतो.

पहिली आणि दुसरी यादी शेजारी ठेवली तर दोन्हींत असलेली तारीख एकच, २२. ओळवाल्यांचे बाकी सहा मास्टर तुकडेवाल्यांसाठी साधे, आणि तुकडेवाल्यांचे दोन ओळवाल्यांसाठी साधे. आणि अंकशास्त्र्यांसारखा प्रत्येक तुकडा शेवटपर्यंत एक अंकी केला तर त्या महिन्यात एकही मास्टर येत नाही. त्या रीतीनं ३३ तर कोणत्याच तारखेला येणार नाही, कारण ९+९+९ = २७ च्या पुढे बेरीज जातच नाही.

ठाणेकर_अमित
मास्तर, हे वाचून गप्प बसलो थोडा वेळ. मला वाटत होतं एखादीच तारीख इकडे-तिकडे होत असेल. तरी मी ओळीचाच. सात येवोत नाहीतर सत्तर, आजोबांची वही मी बदलणार नाही.

पण एक सांगा. लताबाई २८ सप्टेंबर १९२९. ओळीनं ४०, म्हणजे ४. तुकड्यांनी १+९+३ = १३, म्हणजे ४. आणि मोठ्या बेरजेनं २८+९+१९२९ = १९६६, १+९+६+६ = २२! एवढ्या मोठ्या गायिकेला दोन पद्धती साधा ४ देतात?

सह्याद्रीचा_वारा
अमितदादा, इथे मात्र सावध. आधी माणूस मोठा म्हणून ठरवलं आणि मग त्याला मास्टर मिळेपर्यंत पद्धती बदलत गेलो, तर प्रत्येक मोठ्या माणसाला कुठे ना कुठे मिळेलच. पद्धत आधी ठरवा, तारीख नंतर घाला.

अंकवेल्हाळ
वारा बरोबर बोलतोय. मी नवीन माणसांना हेच सांगतो: पहिली तारीख घालण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर आपली रीत लिहून ठेवा. आणि मोठ्या बेरजेची रीत मी वापरत नाही. तिथे दिवस, महिना, वर्ष यांचे आकडे हातच्यात विरघळून जातात.

पिंपळपान
मध्येच विचारते, माझं गणित दरवेळी एकानं कमी येतं. जन्म १४ मार्च ९०. १+४+३+९+० = १७, म्हणजे ८. सगळे ९ सांगतात.

गणूमास्तर
वर्ष पूर्ण लिहा, पिंपळपान. १९९०. गाळलेल्या १९ चे १+९ = १०, म्हणजे १. तेवढाच एक कमी पडतोय. २००० नंतरच्या तारखेत २० गाळलं तर दोननं कमी येईल. उत्तर नेमकं १ किंवा २ नं चुकलं की आधी वर्षाकडे बघायचं.

पिंपळपान
आलं! ९. इतकी वर्षं शनी समजत होते.

वैशाली_सांगली
सगळ्यांचे आभार. काल मुलीच्या वडिलांना सरळ फोन लावला आणि विचारलं, तुम्ही भाग्यांक कसा काढता? ते म्हणाले, 'आम्ही नऊच आकडे मानतो, नवग्रहांचे. ११ असो नाहीतर २९, आमच्याकडे चंद्र.' म्हणजे त्यांच्या हिशोबात मुलगा २, आणि त्यावर त्यांची काहीच हरकत नाही. ११ चा विषय त्यांच्या घरात निघालाच नव्हता. मीच मोबाईल घेऊन बसले होते.

रविवारी मुलं भेटताहेत. ती लग्नपत्रिका, जिच्या पाठीवर ९, ३, ८ लिहिलेत, ती ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.

ठाणेकर_अमित
ताई, आनंद झाला. पण वहीत ११ लिहून ठेवा.

कोकणी_माणूस
आता माझी खरी तारीख विचारतो. नात, २९ नोव्हेंबर २०१८. तिचं काय?

अंकवेल्हाळ
कोकणी, ही अवघड तारीख आणलीत. दिवस २९ चा ११, महिना ११, वर्ष २+०+१+८ = ११. तिन्ही ठेवले तर ३३. ओळीनं २४, म्हणजे ६. मोठ्या बेरजेनं २०५८, मग १५, मग ६. पण तुकडेवाल्यांतही काही जण वर्षाचा ११ ठेवत नाहीत, २ करतात. मग ११+११+२ = २४, पुन्हा ६.

मी वर्षाचा ११ ठेवतो, म्हणून माझ्या वहीत ३३. मास्तर, तुम्ही काय म्हणता?

गणूमास्तर
शेवटचा ६, एवढंच मी सांगू शकतो. वर्षाचा ११ ठेवायचा की नाही, हे गणितात नाही.